माठ फुटला, मूल हसलें

उन्हाळ्यांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांतला माठ फुटतो आणि घरांतलीं चार वडील माणसें चौकशीला उभीं राहतात. आमच्या बीडकडच्या घरांत काय किंवा पुण्याच्या वाड्यांत काय, मुलांचा जबाब एकच असतो : "माठ फुटला." "मीं फोडला" असें सहसा कोणी म्हणत नाहीं. आजोबा ह्याला लबाडी म्हणतात, आणि नीतीच्या दृष्टीनें तें खरेंहि असेल. परंतु व्याकरणाच्या दृष्टीनें त्या पोरानें मोठें नेमकें काम केलेलें असतें. त्यानें फोडणाऱ्याला वाक्यांतून साफ काढून टाकिलें आहे, आणि जें मूळचें कर्म, त्यालाच कर्त्याच्या पाटावर आणून बसविलें आहे. वाक्य खोटें नाहीं. माठ फुटलाच आहे. प्रश्न इतकाच, कीं ह्या पाटावर बसलेला माठ खरोखर कर्ता झाला काय ?

आपण शाळेंत शिकलों, कीं ज्या क्रियापदाला कर्म लागतें तें सकर्मक आणि ज्याला लागत नाहीं तें अकर्मक. ह्या न्यायानें 'माठ फुटला' आणि 'मूल हसलें' हीं दोन्ही वाक्यें एकाच कोठडींत पडतात. दोहोंत कर्ता प्रथमेंत, दोहोंत क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें, दोन्ही ठिकाणीं कर्तरि प्रयोग. पदपरिस्फोट करणाऱ्या विद्यार्थ्याला पुरे गुण मिळतात आणि पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः हसणारें मूल हसण्याचें काम करतें. फुटणाऱ्या माठाचें मात्र कांहीं तरी होतें. पण हा भेद नुसत्या अर्थाचा असेल तर व्याकरणकारानें त्याची दखल घेण्याचें कारण नाहीं. रूपांनीं साक्ष दिली पाहिजे. ती साक्ष मराठी देते, आणि तीहि रोजच्या बोलण्यांत देते.

'-लेला' प्रत्ययान्त विशेषण घ्या. सकर्मक धातूला हा प्रत्यय लागला म्हणजे होणारें विशेषण कर्माला लागतें, कर्त्याला नव्हे. मुलानें माठ फोडला, तर आपण 'फोडलेला माठ' म्हणतों. 'फोडलेला मुलगा' असें म्हटलें तर ऐकणारा दचकेल, कारण त्यांत मुलानें कांहीं फोडलें असा अर्थ निघतच नाहीं. तो सांगायचा तर 'माठ फोडणारा मुलगा' असें म्हणावें लागतें. आतां अकर्मकांकडे या. 'फुटलेला माठ', 'गळलेलीं पानें', 'पडलेली भिंत', 'आलेला पाहुणा', 'पिकलेलें सीताफळ' हे सर्व प्रयोग कानाला स्वच्छ लागतात. परंतु 'हसलेलें मूल', 'धावलेला घोडा', 'नाचलेली मुलगी' हे म्हणून पहा. कोणी बोलेलच तर आपण थबकतों. येथें जीभ सहज 'हसणारें मूल', 'धावणारा घोडा' ह्यांकडे वळते. म्हणजे जो प्रत्यय सकर्मकांत कर्माला शोधीत जातो, तोच प्रत्यय 'फुटणें', 'गळणें', 'पडणें', 'येणें' ह्यांच्या कर्त्यावर निःशंक बसतो आणि 'हसणें', 'धावणें' ह्यांच्या कर्त्यावर बसावयास नाखूष असतो. ह्यावरून मी असें समजतों, कीं पहिल्या गटाचा कर्ता वेषानें कर्ता असला तरी वर्तनानें कर्म आहे. इंग्रजींतहि गळलेल्या पानाच्या आधीं 'फॉलन' हें विशेषण खुशाल लागतें. पण 'लाफ्ड' हा शब्द मुलाच्या आधीं कोणी ठेवीत नाहीं.

ह्या दोन जातींना नांवें देणें सोयीचें होईल. फुटणें-पडणें ह्या जातीला मी 'कर्मकल्प' अकर्मक म्हणतों, आणि हसणें-धावणें ह्या जातीला 'कर्तृनिष्ठ' अकर्मक. नांवें माझीं आहेत. विचार माझा नाहीं. डेव्हिड पर्लमटर ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९७८ सालीं हा सिद्धान्त मांडला. त्याचें म्हणणें असें, कीं अकर्मक क्रियापदें मुळांतच दोन प्रकारचीं आहेत : एका प्रकाराला आरंभीं फक्त कर्ता असतो, दुसऱ्याला आरंभीं फक्त कर्म असतें आणि तें मागाहून कर्त्याची जागा घेतें. सकर्मक आणि अकर्मक अशी दुफळी करून थांबणाऱ्या व्याकरणाला ह्या विचारानें बराच धक्का दिला.

संस्कृत पढलेल्या वाचकाला येथें पाणिनीचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील सत्त्याऐशीवें सूत्र नेमकें ह्याच वळणावर उभें आहे. भात शिजविण्याची क्रिया होते तेव्हां भात हें कर्म. पण शिजविणाऱ्याची विवक्षा सोडून 'भात आपोआप शिजतो' असें म्हणावयाचें असेल, तर भात कर्ता होतो. आणि त्याच्यावर घडणारी क्रिया पूर्वीचीच असल्यामुळें त्या कर्त्याला कर्मासारखें वागवावें, असें तें सूत्र सांगतें. म्हणूनच तेथें कर्मणि प्रयोगांतलें 'पच्यते' हें रूप येतें. आमचा माठ फोडणारा मुलगा ह्याच सूत्राचा आश्रय घेतो असें मी थट्टेनें म्हणत असतों. तथापि ह्यावरून सगळा नवा सिद्धान्त पाणिनीच्या पदरीं बांधणें योग्य नव्हे. तें सूत्र मूळच्या सकर्मक धातूंपुरतें आहे. पडणें, येणें, मरणें अशा स्वभावतःच अकर्मक धातूंची हसणें-धावणें ह्यांपासून वेगळी जात तें पाडीत नाहीं. 'आपल्याकडे हें सारें पूर्वींच होतें' असें म्हणण्याची आपल्याला जी हौस आहे तिला येथें थोडा लगाम घालावा लागतो.

मराठीची दुसरी साक्ष अधिक जुनी आणि अधिक गोड आहे. फुटणें-फोडणें, तुटणें-तोडणें, सुटणें-सोडणें, पडणें-पाडणें, मरणें-मारणें, गळणें-गाळणें, जळणें-जाळणें, टळणें-टाळणें : हीं जोडपीं पहा. धातूच्या पोटांतला स्वर बदलला कीं अकर्मकाचें सकर्मक होतें, आणि अकर्मकाचा जो कर्ता तोच सकर्मकाचें कर्म बनतो. 'झाड पडलें', 'वाऱ्यानें झाड पाडलें.' झाडाच्या वांट्याला दोन्ही वाक्यांत तेंच आलें आहे. फक्त एकींत वारा बाहेर राहिला. आतां हसणें, रडणें, नाचणें, पोहणें, धावणें ह्यांचीं अशीं जोडपीं शोधून पहा. मला तरी सांपडलीं नाहींत. तेथें 'हसविणें', 'रडविणें', 'नाचविणें' असा प्रत्यय बाहेरून जोडावा लागतो, आणि विदूषकानें मुलाला हसविलें तरी हसतें तें मूलच. विदूषकाला त्याच्यातर्फें हसतां येत नाहीं. ही साक्ष मात्र एकाच बाजूनें चालते. स्वर बदलणारें जोडपें असलें तर क्रियापद बहुधा कर्मकल्प समजावें; नसलें म्हणून तें कर्तृनिष्ठ ठरत नाहीं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरांतलें सीताफळ 'पिकतें' आणि घरीं गवतांत घालून तें आपण 'पिकवितों'. येथें '-विणें' आलें, तरीहि पिकणें हें फळाचें कर्तृत्व नव्हे.

तिसरी साक्ष शक्य क्रियापदाची. 'आजीला आतां चालवत नाहीं', 'टांके घातल्यापासून त्याला हसवत नाहीं', 'मला धाववत नाहीं' असें आपण म्हणतों. 'माठाला फुटवत नाहीं', 'पानाला गळवत नाहीं' असें कोणी म्हणत नाहीं. हें पाहून एखादा चटकन दोन याद्या करावयास बसेल. त्यानें जरा थांबावें. पाहुणा 'आलेला' असतो, म्हणजे पहिल्या साक्षीनें 'येणें' कर्मकल्प. पण तोच पाहुणा 'गुडघ्यांमुळें मला तुमच्याकडे येववत नाहीं' असेंहि लिहितो. 'पावसाला येववत नाहीं' असें मात्र होत नाहीं. कारण उघड आहे : ही तिसरी कसोटी इच्छा मोजते, आणि पहिली कसोटी क्रिया संपल्यावर कर्त्याच्या अंगावर काय उरलें तें मोजते. येणाऱ्या माणसाला इच्छाहि असते आणि येऊन ठेपल्यावर त्याची स्थितिहि बदललेली असते, म्हणून तो दोन्हीकडे बसतो. दोन कसोट्यांचे निकाल विसंगत आले तर क्रियापदाला दोष न देतां कसोटी कशाची आहे तें आधीं पहावें. 'झोपलेलें मूल', 'दमलेला माणूस', 'जेवलेला पाहुणा', 'शिकलेली सून' हे प्रयोग रूढ आहेत ते ह्याचमुळें. जेवणें आणि शिकणें तर सकर्मकहि होतात; परंतु क्रियेचें फळ करणाऱ्याच्याच ठायीं राहतें, म्हणून '-लेला' त्याला चिकटतो. 'रडलेले डोळे' आपण म्हणतों, कारण रडण्याची खूण डोळ्यांवर राहते. हसण्याची तशी कोठें राहत नाहीं.

धावण्याच्या बाबतींत तर एकच क्रिया दोन घरीं नांदते. इटालियन भाषेंत भूतकाळासाठीं दोन साहाय्यक क्रियापदें आहेत. 'आला', 'पडला' म्हणतांना 'असणें' ह्या अर्थाचें 'एस्सेरे' घेतात, आणि कर्मणि प्रयोगांतहि तेंच येतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. 'हसला' म्हणतांना 'जवळ असणें' ह्या अर्थाचें 'आवेरे' घेतात. 'तो दोन तास धावला' ह्याला आवेरे लागतें. पण 'तो घरीं धावला', म्हणजे धावत जाऊन पोंचला, असें म्हणावयाचें झालें कीं तेंच क्रियापद एस्सेरेकडे जातें. मुक्काम ठरला कीं धावणाराहि 'आलेल्यां'च्या पंगतीला बसतो. आन्तोनेल्ला सोराचे ह्या विदुषीनें २००० सालीं दाखविलें, कीं युरोपांतील अशा भाषांत ह्या दोन जातींमध्यें भिंत नसून उतार आहे : जागा बदलणारीं क्रियापदें एका टोकाला स्थिर, स्वतःच्या इच्छेनें चालणारीं नुसतीं कामें दुसऱ्या टोकाला स्थिर, आणि मधलीं डळमळीत.

मराठींत हाच खेळ 'पळणें' ह्या क्रियापदांत दिसतो. शर्यतींत पळालेल्या मुलाला आपण 'पळालेला मुलगा' सहसा म्हणत नाहीं. तें नांव ऐकतांच घर सोडून गेलेला मुलगा डोळ्यांपुढें येतो. 'पळालेला चोर' तर रोजच्या वर्तमानपत्रांत असतो. शर्यतींतलें पळणें हें काम आहे, तें कर्तृनिष्ठ. चोराचें पळणें म्हणजे येथून नाहींसें होणें, तें कर्मकल्प. 'घसरणें' हेंहि असेंच. शेवाळावरून घसरलेला माणूस आपण उचलून आणतों. आणि घसरगुंडीवर दुपारभर घसरणाऱ्या मुलीला दमल्यावर 'आतां घसरवत नाहीं' असें म्हणण्याची मोकळीक आहे. 'उतरणें', 'बसणें', 'लपणें', 'वळणें' हीं कोठें बसवावींत ह्याचा निकाल मीं अद्याप केलेला नाहीं. 'लपलेला' म्हणतात आणि 'लपवत नाहीं' हेंहि म्हणतां येतें. परंतु त्याच्या शेजारींच 'लपविणें' उभें असल्यामुळें कान घोटाळतो. वाचकांनीं घरांतल्या बायकामुलांच्या तोंडचीं वाक्यें टिपून ठेवावींत. पुस्तकांतल्यांपेक्षां तीं अधिक उपयोगाचीं ठरतील.