शिफारसपत्र मास्तरांनी लिहिलं की मशीननं?

सध्या आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आहेत. कळंब, परंडा, उमरगा, तुळजापूर, सगळीकडची लेकरं कागदं जमवत फिरतायत. त्यातला एक कागद म्हणजे शिफारसपत्र. एका छोट्या स्थानिक शिष्यवृत्तीचे अर्ज मी काही वर्षांपासून वाचतो. आता प्रत्येक बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हे पत्र एआयनं लिहिलंय, बाजूला ठेवा." या वाक्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण बाजूला पडतं ते पत्र नसतं, लेकरू असतं.

पहिली गोष्ट. पत्र गुळगुळीत आहे एवढ्यावरून ते मशीनचं ठरत नाही. आपल्याकडं शिफारसपत्र पूर्वीपासून साच्यातलंच असतं. "सदर विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यास भावी वाटचालीसाठी शुभेच्छा." हा मजकूर झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कायम सेव्ह असतो, फक्त नाव बदलायचं. हा माणसाचा साचा. त्याची खूण ओळखायला सोपी: पत्र चार ओळींचं, जावक क्रमांक आणि गोल शिक्का ठसठशीत, आणि मुलीच्या पत्रात मध्येच "तो अभ्यासात हुशार आहे" राहून गेलेलं. एकाच कॉलेजच्या पाच मुलांची पत्रं शेजारी ठेवली तर शब्दन् शब्द तोच.

मशीनचा साचा वेगळा असतो. पत्र लांब, पानभर. पाच पत्रांत शब्द वेगळे, पण सांगाडा एकच: आधी आनंद, मग गुण, मग एक प्रसंग, मग खात्री. गुण तीन-तीनच्या जोडीनं येतात: नेतृत्व, सहकार्य आणि संवेदनशीलता. "केवळ अभ्यासातच नव्हे, तर" हे वळण पुन्हा पुन्हा. "आपल्या संस्थेसाठी ती मौल्यवान भर ठरेल" असं वाक्य, जे आपल्याकडचा कुठलाच मास्तर बोलताना वापरणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे प्रसंग. प्रसंग असल्यासारखा दिसतो, पण हाताला काही लागत नाही. "एका प्रकल्पादरम्यान आलेल्या आव्हानांवर तिने मात केली." कोणता प्रकल्प? कसलं आव्हान? कधी?

पण या सगळ्या संशयाच्या खुणा झाल्या, पुरावा नाही. पुरावा म्हणावा अशा गोष्टी थोड्याच: चौकटी कंसात "विद्यार्थ्याचे नाव" तसंच राहिलेलं, ठळक अक्षरांसाठीच्या दोन-दोन चांदण्या मजकुरात पडलेल्या. बाकी गुळगुळीत भाषा तर भाषण ठोकणारा माणूसही लिहितो.

मग कुणीतरी म्हणतं, ओळखणारं टूल आहे ना, त्यात टाका. इथं जरा थांबा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी 2023 मध्ये असं टूल काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत मशीननं लिहिलेल्या मजकुरापैकी त्यानं फक्त 26 टक्के बरोबर पकडला, आणि माणसानं लिहिलेल्यापैकी 9 टक्के उगाच मशीनचा ठरवला. जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं. नंतरची टूलं सुधारली असतील, पण हिशेब कसा करायचा ते समजून घ्या. समजा आपल्याकडं 40 पत्रं आहेत, 20 मशीनची, 20 माणसाची. त्या टूलनं मशीनची साधारण 5 पकडली असती आणि माणसाची 2. म्हणजे लाल झालेल्या सातांत दोघांवर अन्याय, आणि खरी 15 मशीनची पत्रं आरामात पास!

दुसरं, ही टूलं बरेचदा पाहतात ते पुढचा शब्द किती अंदाजात येतो एवढंच. 2023 मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात टूलं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांत टाकले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध, सुमारे 61 टक्के, मशीनचे ठरले. कारण साधं: शिकून घेतलेल्या भाषेत माणूस मोजके, ठरलेले शब्द वापरतो. आता आपल्या कॉलेजच्या सरांनी परदेशी विद्यापीठासाठी लिहिलेलं इंग्रजी पत्र डोळ्यापुढं आणा. ठरलेले शब्द, ठरलेली वाक्यं. नेमक्या अशाच पत्रावर टूल घसरण्याची भीती जास्त.

मग ओळखायचं कसं? एक अर्ज सांगतो. मुलगी भूम तालुक्यातली. पत्र वर सांगितलं तसंच: नेतृत्व, संशोधनवृत्ती, आव्हानांवर मात. समितीत दोघं म्हणाले, सरळ मशीनचं आहे. मी पत्राखालच्या सरांना फोन लावला. "एआय वापरलं का?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला माणूस घाबरतो नाहीतर चिडतो, आणि कळत काहीच नाही. एवढंच विचारलं, "सर, या मुलीचं कोणतं काम तुमच्या लक्षात राहिलंय?"

सर बोलत सुटले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची होती. या मुलीनं दोरीला गाठी मारून 23 विहिरी मोजल्या. चार ठिकाणी मालक सांगतोय ते आणि दोरी सांगतेय ते जुळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, मोटार चालू व्हायच्या आधी, ती परत गेली. कारण उपसा सुरू असताना पातळी खाली जाते हे तिचं तिला सुचलं होतं. "मग सर, हे पत्रात का नाही?" तर म्हणाले, "मी पुतण्याला मुद्दे सांगितले, त्यानं मोबाईलवर पत्र करून आणलं. छान दिसत होतं, सही केली."

म्हणजे पत्र मशीनचं, शिफारस खरी. मशीननं नेमकी विहीर गाळली आणि "आव्हान" ठेवलं. याच्या उलटही घडतं. पत्र स्वतःच्या हातानं लिहिलेलं, आणि फोनवर सर विचारतात, "कोणती हो ही?"

म्हणून माझं मत सरळ आहे. टाईप कुणी केलं हा प्रश्न दुय्यम. या लेकराला ओळखणारा माणूस पत्रामागं आहे का, हे बघायचं. पत्रात एक तरी गोष्ट अशी हवी जी गुणपत्रिकेत नाही, अर्जात नाही, आणि फक्त शिकवणाऱ्यालाच माहीत असेल. ती नसेल तर फोन करायचा. फोनवरही नसेल तर पत्राला शून्य वजन द्यायचं, पण मुलाचे गुण कापायचे नाहीत. पत्र त्यानं लिहिलेलं नसतं, आणि सत्तर-ऐंशी पोरांच्या वर्गात सरांनी आपल्याला ओळखावं हे त्याच्या हातात नसतं.

समित्यांनी पत्राऐवजी तीनच प्रश्न छापावेत: विद्यार्थ्याला किती दिवस, कशात शिकवलं? त्यानं केलेलं एक काम सांगा. तो कशात कमी पडतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर साच्यातून काढणं अवघड जातं.

आणि सर-मॅडमहो, तुम्हाला विनंती. पानभर नको. मोडक्यातोडक्या मराठीत चार ओळी लिहा, पण त्यात विहीर राहू द्या.