चेहरा वाकडा की फोन?

बेगडेवाडीच्या प्लॅटफॉर्मवर पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट बघताना काढलेला सेल्फी. गाडीत बसल्यावर तो झूम करून बघता, आणि घोळ सुरू होतो. डावा गाल उजव्यापेक्षा मोठा, नाक एका बाजूला, हनुवटी तिरकी. पुणे स्टेशन येईपर्यंत 'जॉलाइन'च्या ट्रीटमेंटचे दर शोधून झालेले असतात. आमचं म्हणणं एवढंच आहे की अपॉइंटमेंट घेण्याआधी एकदा फोनची उलटतपासणी करा.

आधी अंतराचं बघू. हात लांब केला तरी फोन आणि चेहरा यांत साधारण ३० सेंटिमीटरच राहतात. चेहऱ्याची रुंदी धरा १४ सेंटिमीटर. मान फक्त ५ अंश वळली, जे आपल्याला जाणवतही नाही, तर एक गाल फोनपासून साधारण २९.४ सेंटिमीटरवर येतो आणि दुसरा ३०.६ वर जातो. कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे जवळचा गाल जवळजवळ ४ टक्के मोठा उमटतो. हाच फोन दीड मीटरवर ठेवला, तर तेवढ्याच वळणाने पडणारा फरक एक टक्क्याहूनही कमी. चेहरा तोच, मान तेवढीच वळलेली, बदललं फक्त अंतर. मानेच्या त्याच वळणामुळे पुढे आलेला नाकाचा शेंडाही बाजूला सरकतो, आणि आपण म्हणतो नाक वाकडं आहे.

हे नाकाच्या बाबतीत मोजलेलंही आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फी बघून नाक बारीक करून मागणाऱ्यांसाठीच त्यांनी ते गणित मांडलं होतं.

मग तपासायचं कसं? सगळ्यात सोपी चाचणी हात बदलण्याची. एक सेल्फी उजव्या हाताने काढा, एक डाव्या. काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह करतात, काही सुलटा, म्हणून गाल ओळखायला तीळ किंवा अशी एखादी खूण धरा. हात बदलल्यावर 'मोठा' गालही बदलला, तर दोष हाताच्या कोनाचा. दोन्ही फोटोंत तोच गाल मोठा राहिला, तरच पुढे जायचं.

पुढची पायरी म्हणजे फोन हातातून सोडणं. मागचा कॅमेरा, डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटर लांब, टायमर लावून. अल्ट्रावाइड लेन्स नको आणि चेहरा फ्रेमच्या मध्यभागी हवा, कारण वाइड लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ओढते. (ग्रुप फोटोत टोकाला उभं राहणाऱ्याचं डोकं कायम ताणलेलं का दिसतं, हे आता कळलं असेल.) दोन्ही कान सारखे दिसतायत का बघा. एक जास्त दिसत असेल तर मान वळलेली आहे, पुन्हा काढा. मागे उभी रेघ हवी, म्हणजे दाराची चौकट किंवा प्लॅटफॉर्मचा खांब, तीही मध्याजवळची. फोन वर-खाली कलला की कडेचे खांब आपोआप आत किंवा बाहेर झुकलेले दिसतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

आता त्या फोटोत डोळ्यांची रेघ आणि ओठांच्या कोपऱ्यांची रेघ बघा. खांबही कललाय आणि दोन्ही रेघाही तेवढ्याच कलल्यात, तर फोन तिरका होता. खांब सरळ आहे पण दोन्ही रेघा सारख्याच कलल्यात, तर तुम्ही मान तिरकी धरली होती. खांब सरळ, कान सारखे, आणि तरी त्या दोन रेघा एकमेकींना समांतर नाहीत, असं तीन-चार फोटोंत सारखं दिसलं, तर तो फरक चेहऱ्याचा आहे.

तोही थोडाफार प्रत्येकाचा असतो. नेमका कुठला फरक दाखवायला जावं? तोंड उघडताना जबडा एका बाजूला जात असेल, चावताना दात नीट जुळत नसतील, किंवा मार लागल्यानंतर चेहरा बदलला असेल, तर डेंटिस्टकडे जा. तिथे कदाचित दाढांमध्ये लाकडी पट्टी चावायला देतील आणि ती डोळ्यांच्या रेघेला समांतर आहे का ते बघतील. त्यांना सेल्फी दाखवायचाच असेल, तर हा दीड मीटरवरचा दाखवा.

आणि अचानक, काही तासांत किंवा एका रात्रीत ओठाचा एक कोपरा लोंबला, एक डोळा मिटेना, तर मात्र यातली एकही चाचणी करत बसू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.