रात्रभर जागणारे घड्याळ किती बॅटरी खाते?

या महिन्यात मिरजेच्या एका भगिनीचे पत्र घेतो. त्यांच्या सासूबाईंचे वय सत्तरच्या पुढे आहे. तहज्जुदसाठी आणि मग फजरसाठी त्या रात्री दोन-तीनदा उठतात आणि उशाजवळच्या मोबाइलवर वेळ पाहतात. बटण दाबले की अंधारात पूर्ण स्क्रीन एकदम झगझगीत पेटतो, डोळे दिपतात आणि आकडे दिसेपर्यंत झोप उडते. म्हणून सुनेने त्या मोबाइलवर ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ सुरू करून दिला. मोबाइल बंद असला तरी काळ्या पडद्यावर घड्याळ मंदपणे दिसत राहते, ती ही सोय. चार दिवसांनी नातवाने ती बंद केली. “दादी, हे बॅटरी खातं, संध्याकाळपर्यंत मोबाइल मरतो,” असे त्याचे म्हणणे. आता भगिनी विचारतात, खरे कोणाचे?

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण किती खरे, ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला कोणतेही ॲप लागत नाही, फक्त दोन रात्री लागतात.

आधी हे घड्याळ चालते कसे ते पाहू. मोबाइलचे पडदे मुख्यतः दोन जातींचे असतात. एलसीडी पडद्यामागे एक दिवा असतो आणि पडद्यावर काहीही दाखवायचे म्हटले तर तो पेटावाच लागतो. एमोलेड किंवा ओलेड पडद्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्याला जवळपास काहीच वीज लागत नाही. काळ्या पडद्यावर पांढरे घड्याळ दाखवायचे तर लाखो ठिपक्यांपैकी मूठभरच पेटतात. म्हणूनच ही सोय ओलेड पडद्याच्या मोबाइलवर रुजली. सॅमसंगने 2016 मध्ये गॅलेक्सी एस7 वर ती आणली, ॲपलने 2022 मध्ये आयफोन 14 प्रो वर.

पण मूठभर ठिपके म्हणजे शून्य खर्च नव्हे. पडदा चालवणारी चिप जागी राहते आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा पडद्यावर उमटवत राहते. महागड्या मोबाइलमध्ये हा वेग सेकंदाला एकदा इतका खाली आणता येतो, आयफोन 14 प्रो हेच करतो. मध्यम किमतीच्या बहुतेक मोबाइलना इतके खाली उतरता येत नाही, म्हणून त्यांचा खर्च थोडा जास्त.

मी त्या भगिनींना मोजायची पद्धत कळवली आणि त्यांनी हौसेने आकडे पाठवले. मोबाइल 5000 एमएएच बॅटरीचा, एमोलेड पडद्याचा, साधारण वर्षभर वापरलेला. पहिल्या रात्री घड्याळ बंद ठेवले. रात्री दहाला बॅटरी 95 टक्के, पहाटे पाचला 92. दुसऱ्या रात्री घड्याळ सुरू, बाकी सगळे तसेच: तीच खोली, तेच वाय-फाय, चार्जर काढलेला, मोबाइल उताणा ठेवलेला. दहाला 95, पाचला 88. पहिल्या रात्री 3 टक्के गेले, दुसऱ्या रात्री 7. म्हणजे घड्याळाचे स्वतःचे 4 टक्के, सात तासांत. तासाला अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायचे. मोजणी शंभर टक्क्यांपासून सुरू करायची नाही, कारण बरेच मोबाइल शंभराचा आकडा बराच वेळ धरून ठेवतात आणि पहिला टक्का उशिरा सोडतात. आणि तासाभराची मोजणी उपयोगाची नाही. मोबाइल पूर्ण टक्केच दाखवतो, त्यामुळे एक टक्का इकडेतिकडे झाला तरी हिशेब दुप्पट चुकतो. सहा-सात तास तरी हवेत. सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत या सोयीपुढे आकडा दिसला तर तो मोबाइलने बांधलेला अंदाज समजावा. मी दोन रात्रींच्या फरकावर जास्त भरवसा ठेवतो.

पण रात्रीचा हिशेब दिवसाला लावता येत नाही, आणि नातवाची तक्रार इथे समजते. खोलीत अंधार असला की मोबाइल घड्याळ अगदी मंद करतो. उजेडात तेच आकडे दिसावेत म्हणून तो ते आपोआप उजळवतो आणि वीज जास्त लागते. म्हणून एका रविवारी खिडकीजवळच्या टेबलावर मोबाइल सकाळी दहा ते दुपारी चार असा न हलवता ठेवायला सांगितले. घड्याळ सुरू असताना 10 टक्के गेले, पुढच्या रविवारी घड्याळ बंद ठेवून 4 गेले. सहा तासांत 6 टक्के, म्हणजे तासाला 1. रात्रीपेक्षा दीडपटीहून जास्त.

आता साध्या दिवसाचा हिशेब मांडू. चोवीस तासांपैकी चार तास मोबाइल हातात असतो, तेव्हा पूर्ण पडदा सुरूच असतो, या घड्याळाचा वेगळा खर्च नाही. पाच तास तो पर्समध्ये, खिशात किंवा नमाजच्या वेळी पालथा पडलेला असतो. झाकले गेल्याचे मोबाइलला सेन्सरवरून कळते आणि घड्याळ विझते. उरले पंधरा तास. त्यातले आठ दिवसा उजेडात, त्यांचे 8 टक्के, आणि सात रात्री, त्यांचे 4. एकूण 12 टक्के. रात्री झोपताना ज्याच्या मोबाइलमध्ये 35 टक्के उरत होते, त्याच्याकडे आता 25 च्या आसपास उरतील. “मोबाइल मरतो” असे म्हणण्याइतके हे नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके थोडेही नाही. जो मोबाइल दहा तास व्हिडिओ चालवू शकतो, त्याच्यासाठी हा तासाभराच्या व्हिडिओपेक्षा थोडा जास्त खर्च झाला.

बॅटरी जुनी झाली की हाच आकडा फुगतो. दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर बॅटरीत मूळच्या ऐंशी टक्केच वीज मावत असेल, तर घड्याळ वीज तेवढीच खाईल, पण लहान झालेल्या पिंपातून. मग बाराचे पंधरा होतात. मोबाइल जुना असूनही कोणी “माझ्या मित्राकडे तर काहीच फरक पडत नाही” म्हणाले तर हे आठवावे.

उलट बाजूचाही एक दावा नेहमी ऐकू येतो: घड्याळ समोर दिसत असेल तर मोबाइल उघडावा लागत नाही, म्हणून उलट बॅटरी वाचते. हेही मांडून पाहू. दिवसात चाळीस वेळा नुसती वेळ पाहण्यासाठी पडदा पेटवला आणि प्रत्येक वेळी तो पंधरा सेकंद राहिला, तर एकूण दहा मिनिटे झाली. तासाला दहा टक्के धरले तरी दहा मिनिटांचे दोन टक्क्यांहून कमी. दोन टक्के वाचवायला बारा टक्के घालवणे हा काही फायद्याचा सौदा नाही. वेळ पाहायला मोबाइल उघडून वीस मिनिटे रीलमध्ये जाणाऱ्याचा हिशेब वेगळा, पण तो बॅटरीचा प्रश्न नाही!

मग दादींचे काय? त्यांच्यासाठी उत्तर सोपे निघाले. त्यांना घड्याळ हवे ते रात्री, आणि रात्रच सगळ्यात स्वस्त. लोक सहसा उलटे करतात, दिवसा सुरू आणि झोपताना बंद. सॅमसंगच्या मोबाइलमध्ये सेटिंगमधल्या लॉक स्क्रीनच्या भागात Always On Display आहे. त्यात As scheduled निवडून रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा अशी वेळ टाकायची. नऊ तासांचे पाच-सहा टक्के जातात, दिवसाचे आठ वाचतात. रमजानमध्ये सहरीसाठीही हीच वेळ पुरते. रात्री मोबाइल चार्जरवरच राहत असेल तर सकाळच्या टक्क्यांत फरकच दिसणार नाही. मात्र पॉवर सेव्हिंग सुरू केले की बहुतेक मोबाइल हे घड्याळ आपणहून बंद करतात. “सेटिंग केलं तरी दिसत नाही” अशी तक्रार असेल तर आधी ते तपासावे. घड्याळामागे रंगीत चित्र लावू नये, जास्त ठिपके पेटतात. आयफोनवर तर ती मुळातच मंद केलेला वॉलपेपर दाखवते. तो Display & Brightness मध्ये जाऊन बंद करता येतो. एकाच जागी घड्याळ राहून पडद्यावर डाग पडेल ही भीती फारशी धरू नये, मोबाइल ते मधूनमधून थोडे सरकवत असतो.

आणखी एक आकडा त्या पत्रात होता, त्याच्याकडे भगिनींचे लक्ष गेले नसावे. सुट्टीत हे कुटुंब कोकणातल्या गावी गेले, तिथे घड्याळ बंद असूनही रात्रीत 14 टक्के गेले. घरी 3 आणि तिथे 14! हा दोष घड्याळाचा असूच शकत नाही. रेंज कमी असली की मोबाइल टॉवर शोधत राहतो आणि जास्त जोर लावून बोलतो. त्या गावात रात्री एअरप्लेन मोड लावून पाहावे, आकडा खाली आला तर चोर सापडला. फजरचा अलार्म त्या मोडमध्येही वाजतो. फक्त घरात कोणी आजारी असेल आणि रात्री फोन येण्याची शक्यता असेल तर तसे करू नये.

नातवाने शेवटी विचारले होते की त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर ही सोय का नाही. बहुधा त्याचा पडदा एलसीडी असेल. ओळखायचे तर पूर्ण काळा फोटो उघडावा, उजेड पूर्ण वाढवावा आणि खोलीतला दिवा मालवावा. पडदा अंधारात मिसळून गेला तर ओलेड, राखाडी उजेड झिरपताना दिसला तर एलसीडी. ओलेड असूनही काही कंपन्या स्वस्त मॉडेलवर हे घड्याळ बोट लावल्यावर दहा सेकंदच दाखवतात. त्या मोबाइलची तुलना दादींच्या मोबाइलशी करू नये. आणि एलसीडी मोबाइलवर अशीच सोय देतो म्हणणारी ॲप घेऊ नयेत. घड्याळ लहान दिसले तरी मागचा दिवा रात्रभर पूर्ण पडद्याला जळत राहतो.