पंधरा पैशांची वाढ आणि बेरजेचा फसवा आनंद

नाशिकहून धुळ्यामार्गे सुरतेकडे जाताना साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. दहावीला अंकगणिती श्रेढी शिकवताना मी हल्ली या पवनचक्क्यांचाच करार फळ्यावर घेतो. एकदा तुम्हीही घेऊन बघा.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये पवनऊर्जेचा दर ठरवला. पहिल्या वर्षी एका युनिटला ३ रुपये ५० पैसे, पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, आणि वीजखरेदीचा करार १३ वर्षांचा. म्हणजे तेराव्या वर्षी दर ५ रुपये ३० पैसे. ही सरळ श्रेढी झाली. दरवर्षी एकच युनिट विकलं असं धरलं तर मुलं पटकन सांगतात, १३ वर्षांचे एकूण ५७ रुपये २० पैसे. वाढच नसती तर ४५ रुपये ५० पैसे मिळाले असते, म्हणजे वाढीमुळे ११ रुपये ७० पैसे जास्त.

आपलं पाठ्यपुस्तक इथे थांबतं, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. तेराव्या वर्षीचा रुपया आणि पहिल्या वर्षीचा रुपया आपण एकाच पाटीत टाकून मोजले. पवनचक्की उभारणाऱ्याने मात्र पैसा आज घातलेला असतो, बहुधा कर्ज काढून. समजा त्याला पैसा वर्षाला १० टक्क्यांनी पडतो. मग वर्षाअखेरीस येणारी रक्कम पहिल्या वर्षासाठी १.१ ने एकदा भागायची, दुसऱ्यासाठी दोनदा, तेराव्यासाठी तेरा वेळा. तेराव्या वर्षीचे ५ रुपये ३० पैसे आजच्या हिशेबाने उरतात जेमतेम १ रुपया ५४ पैसे! पहिल्या वर्षीचे साडेतीन रुपये मात्र ३ रुपये १८ पैशांचे असतात. सगळ्यात मोठा दर सगळ्यात कमी किमतीचा, हे कळल्यावर वर्गात एकदम शांतता होते.

तेराही रकमा अशा आजच्या किमतीत आणून मिळवल्या की सुमारे २९ रुपये ८७ पैसे होतात. नुसत्या साडेतीन रुपयांच्या स्थिर दराचे २४ रुपये ८६ पैसे. म्हणजे वाढीच्या कलमाची आजची किंमत ५ रुपये, ११ रुपये ७० पैसे नव्हे. दरांची साधी सरासरी ४ रुपये ४० पैसे येते, पण या कराराच्या तोडीचा स्थिर दर ४ रुपये २० पैसेच आहे. कोणी ४ रुपये ३० पैशांचा न वाढणारा दर देऊ केला असता, तर तो घेणाराच फायद्यात राहिला असता.

आता कलमाच्या शब्दांकडे बघा. १५ पैसे ही पहिल्या वर्षी ४.३ टक्के वाढ असते, शेवटच्या वर्षी २.९ टक्केच. करारात ‘मागील वर्षाच्या दरावर ४.३ टक्के’ असं लिहिलं असतं, तर तेरावा दर ५ रुपये ८० पैसे झाला असता. फरक मोठा वाटतो. पण तो शेवटच्या वर्षांत येतो, म्हणून आजच्या किमतीत ७९ पैसेच भरतात.

उलट बिल मिळायला दरवेळी एक वर्ष उशीर झाला, तर सगळीच किंमत आणखी एकदा १.१ ने भागावी लागते आणि २ रुपये ७२ पैसे जातात, म्हणजे वाढीने दिलेल्यातले निम्म्याहून जास्त. टक्केवारीवरून भांडणारा माणूस विलंबाच्या व्याजाचं कलम वाचतच नाही, हे मला फार वेळा दिसतं. अर्थात १० टक्के हा आपण धरलेला दर आहे. १४ धरला तर तोडीचा स्थिर दर ४ रुपये १४ पैशांवर येतो. वाढ पुढे ढकललेली असते, म्हणून महाग कर्जवाल्याला तिचा उपयोग कमी.

पालकांनी हे का वाचायचं? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देताना हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ, असं गणित असतं. इथे भाडं आहे, वीज नाही, पण कलम त्याच जातीचं. सरळ वाढ म्हणजे दरवर्षी तेच ३,७५० रुपये. पंचविसाव्या वर्षी भाडं २ लाख १५ हजार. महागाई ५ टक्क्यांनी वाढत राहिली, तर त्या वर्षी आजचा सव्वा लाख टिकवायलाच ४ लाखांच्या वर लागतील. जमीन देऊ नका असं मी म्हणत नाही. पडीक माळ असेल तर जरूर विचार करा. पण सही करण्यापूर्वी घरातल्या दहावीच्या पोराला वही घेऊन शेजारी बसवा आणि ‘सरळ’ या शब्दाखाली रेघ मारायला सांगा.