पोट फुगतं? हिंगाच्या आधी मटकीच्या पाण्याकडे बघा

रविवारी सकाळी मिसळ आणि रात्री कोबीची भाजी. नाशिकमधल्या अनेक घरांसारखा आमचाही हा ठरलेला बेत. त्यानंतर सोमवारी सकाळी घरात निम्म्या लोकांचं पोट डब्ब. मग ओवा, गरम पाणी आणि ‘हिंग कमी पडला असेल’ ही चर्चा. माझं मत असं की या भांडणात हिंगाला उगाच मधे ओढलं जातं.

मटकी, हरभरा, राजमा यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जिवाणू त्या खातात आणि वायू तयार होतो. या प्रवासाला काही तास लागतात. म्हणून सकाळच्या मिसळीचा त्रास दुपारनंतर जाणवतो. जेवून उठताच पोट फुगत असेल, तर मटकीवर संशय घेण्याआधी घाईघाईने जेवणं किंवा सोबतचा सोडा आठवून बघा.

या साखरा पाण्यात विरघळतात, आपल्या कामाची गोष्ट हीच. एक वाटी मटकी तीन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी ओतून द्या, मटकी दोनदा धुवा आणि फडक्यात बांधून मोड आणा. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, नाशिकच्या थंडीत दीड-दोन दिवस लागू शकतात. मोड येताना दाणा वाढण्यासाठी याच साखरा वापरतो. म्हणजे आपलं निम्मं काम तोच करतो. मात्र फडकं चिकट झालं किंवा आंबूस वास आला, तर ती मटकी टाकून द्यायची.

खरी चूक पुढे होते. मटकी शिजवलेलं पाणी आपण चवीसाठी रश्शात घालतो. पाण्यात उतरलेल्या उरल्यासुरल्या साखरा त्यासोबत ताटात परत येतात. कुकरच्या शिट्ट्या वाढवून त्या नाहीशा होत नाहीत, दाणा फक्त मऊ होतो. घरात त्रास होणारं कुणी असेल, तर ते पाणी काढून टाका आणि रस्सा साध्या गरम पाण्यात करा. थोडी चव आणि काही जीवनसत्त्वं जातात, हे मान्य. पण रोज नाही, मिसळीच्या दिवशीच करायचं आहे.

वरून घेतलेला कच्चा कांदाही निर्दोष नाही. कांदा-लसणातले फ्रुक्टान असेच न पचता पुढे जातात. ते पाण्यात उतरतात, तेलात नाही. त्यामुळे लसूण तेलात परतून पाकळ्या काढून घेतल्या, तरी स्वाद राहतो. आमच्याकडे आईच्या मिसळीवर आता कांद्याऐवजी कोथिंबीर आणि लिंबू असतं. बाबा मात्र कांदा सोडायला तयार नाहीत.

आता कोबी. आपली नेहमीची भाजी हरभऱ्याची डाळ घालून होते. म्हणजे वायू करणाऱ्या दोन गोष्टी एकाच कढईत! वर डाळ जेमतेम वीस मिनिटं भिजलेली. त्याऐवजी मुगाची डाळ घ्या. ती हरभऱ्यापेक्षा पोटाला हलकी. पाव किलो कोबीला दोन चमचे पुरेत, तासभर भिजवून पाणी काढून टाकलेली. फ्लॉवरचे तुरे उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून निथळले तर थोडा फरक पडतो. पण कोबी-फ्लॉवरला मटकीसारखं भिजवून सुधारता येत नाही, तिथे प्रमाणच सांभाळावं लागतं. माणशी एक छोटी वाटी, आणि त्या जेवणात उसळ नको. सोबत भात आणि मुगाचं वरण चांगलं, कारण भाताचा पिष्टमय भाग लहान आतड्यातच जवळपास पूर्ण पचतो.

मग हिंग, जिरं, ओवा कशाला? ते या साखरा फोडत नाहीत. आतड्याचा आवळा सैल व्हायला आणि अडकलेला वायू सुटायला त्यांची मदत होते, असा अनुभव आहे. म्हणून फोडणीत ते जरूर घाला, पण भिजवणं टाळून चिमूटभर जास्त हिंग हा व्यवहार जमत नाही. बाजारातल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गहू वर्ज्य असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. खाण्याच्या सोड्याने डाळी लवकर मऊ होतात, पण ब-१ जीवनसत्त्व जातं.

पंधरा दिवस हे करून बघा. भिजवणं आणि जोडी, दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आमच्याकडे आधी कोबीतली डाळ बदलली, पाण्याची पाळी नंतर आली. मात्र वजन घटणं, शौचातून रक्त, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर हा स्वयंपाकघरातला विषय नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जा.