पान्यासोबत मल्टिमीटर

मुलाला ऑटोमोबाइल शाखेत घालावे की नाही, असे पालक हल्ली विचारतात. विजेच्या वाहनात पिस्टन नाही, झडपा नाहीत, इंधनपंपही नाही. मग इंजिन शिकून काय उपयोग, ही शंका रास्त आहे. परंतु तेवढ्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या ‘ईव्ही कोर्स’चे भरमसाट शुल्क भरणे मला पटत नाही. नव्या वाहनाला कोणते ज्ञान लागते, हे एका रिक्षाच्या दुरुस्तीवरून कळेल.

समजा, एका विजेच्या रिक्षात लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल एका माळेत जोडलेले आहेत. प्रत्येक सेल सुमारे ३.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण ५१ व्होल्ट. पूर्वी एका चार्जिंगवर ८० किलोमीटर जाणारी ही रिक्षा आता ५० किलोमीटरवर बंद पडते. उभ्या रिक्षात मीटर लावला तर सारे ठीक दिसते. कारण या जातीच्या सेलचा दाब भरलेल्या आणि अर्ध्या रित्या अवस्थेत जवळजवळ सारखाच असतो. मग कारागीर घाईने संपूर्ण बॅटरी बदलायला सांगतो आणि चालकाची कित्येक महिन्यांची कमाई जाते.

जाणकार मात्र रिक्षा भार देऊन चालवतो आणि एकेक सेल मोजतो. पंधरा सेल ३.१ व्होल्टवर असताना एक २.५ पर्यंत खाली येतो. माळेतील सर्वांत दुबळा सेल रिता झाला की बॅटरीचे रक्षण करणारे मंडल, म्हणजे बीएमएस, पुरवठा तोडते. बाकीच्यांतील वीज तशीच राहते.

तरीही सेलच दोषी, असे लगेच म्हणू नये. जोडपट्टीचा नट सैल असला तरी मीटर असाच फसवतो. सांध्यात अवघा २ मिलिओहम रोध असेल आणि १०० अँपिअर प्रवाह जात असेल, तर तेथे ०.२ व्होल्ट गळतात आणि २० वॅट उष्णता निर्माण होते. फरक असा ओळखावा: सैल सांध्याची घट भार देताच दिसते आणि भार काढताच नाहीशी होते, क्षीण सेलची घट प्रवासाच्या अखेरीस वाढत जाते आणि सावकाश भरून येते. मीटरची टोके पट्टीवर न ठेवता थेट सेलच्या टोकांवर ठेवली की खात्री पटते.

या साऱ्यात ओहमचा नियम आणि मोजण्याची शिस्त एवढेच भांडवल आहे. ते आयटीआय वा पदविकेच्या विद्युत शाखेत नीट मिळते. संगणकीय निदान त्यावर नंतर चढवता येते. इंजिनवर हात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही निराश होण्याचे कारण नाही. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग नव्या वाहनातही आहेतच. मात्र मोटारीतील तीनशे-चारशे व्होल्टच्या बॅटरीला हात लावण्यापूर्वी तिचा सर्व्हिस प्लग काढणे, ठरलेला वेळ थांबणे आणि दाब शून्य झाल्याचे मीटरने पाहणे, ही सवय त्यांना नव्याने लावून घ्यावी लागेल. तेथे चुकीला दुसरी संधी नसते.

शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेला एवढेच विचारावे: भार दिलेल्या बॅटरीचा एकेक सेल आमचा मुलगा स्वतःच्या हाताने किती वेळा मोजेल?