‘पेढे कधी?’ आणि ‘होईल रे’

बारावीचा निकाल लागला की पास झालेल्याला काय म्हणायचं हे सगळ्यांना पाठ असतं: ‘अभिनंदन! पेढे कधी?’ राहिलेल्याला मात्र ‘होईल रे, टेन्शन नको घेऊ.’ आता बोर्डही बारावीच्या गुणपत्रिकेवर ‘नापास’ लिहीत नाही. एक-दोन विषय राहिले तर ‘पुनर्परीक्षेस पात्र’. शब्द मऊ झाला, पण तारखा तशाच कडक आहेत.

समजा, मित्राला गणितात 31 पडले. पासिंगला हवेत 35. पेपर चांगला गेला होता म्हणतोय? मग आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, कारण तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेतच नाहीत. छायाप्रत हातात आल्यावर त्या अर्जाला जेमतेम पाच दिवस. शिवाय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म कॉलेजमार्फत, वेगळा. पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर तो सोडला, तर हुकतो.

आणि नेमक्या याच दिवसांत तो फोन उचलत नाही. आपणही ‘त्याला स्पेस देऊया’ म्हणत गप्प बसतो (खरं तर आपल्यालाच ऑकवर्ड होतं). त्यापेक्षा घरी जा, म्हणा, ‘चल, कॉलेजात फॉर्मची शेवटची तारीख बघून येऊ.’ पेढ्यांचा बॉक्स मात्र त्या दिवशी नेऊ नका.